आज पाच लाख की महिन्याला दोन हजार? नोटीस वाचण्याआधी हे गणित वाचा

एक प्रश्न विचारतो. उत्तर लगेच द्यायचं, कॅल्क्युलेटर न काढता. तुमच्या घराला दोन पर्याय दिलेत. पहिला: आज पाच लाख रुपये, एकरकमी. दुसरा: महिन्याला दोन हजार रुपये, वीस वर्षं, आणि महागाई वाढेल तशी ही रक्कमही वाढत जाणार. काय घ्याल?

कट्ट्यावर हा प्रश्न टाकून बघा. सरळ दोन गट पडतात. एक गट म्हणतो, ‘हातात येईल ते खरं.’ दुसरा गट म्हणतो, ‘वीस वर्षांत आठ-नऊ लाख मिळतात ना राव, पाच कशाला घ्यायचे?’ दोन्ही गट ठाम असतात, पण गणित कुणीच केलेलं नसतं.

हे कोडं मी रचलेलं नाही. हे कायद्यात लिहिलेलं आहे. २०१३ चा भूसंपादन कायदा, जो १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला, त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत प्रकल्पग्रस्त कुटुंबासाठी तीन पर्याय दिलेत. प्रकल्पातून रोजगार तयार होत असेल तर घरातल्या एकाला नोकरी. किंवा कुटुंबाला एकदाच पाच लाख रुपये. किंवा वार्षिकीची पॉलिसी, म्हणजे वीस वर्षं महिन्याला किमान दोन हजार, आणि ती रक्कम शेतमजुरांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाला बांधलेली. हे पैसे जमिनीच्या मोबदल्यापेक्षा वेगळे आहेत. जमिनीचा भाव हा एक हिशेब आणि पुनर्वसनाचा हा दुसरा. या दोन्हींची सरमिसळ करू नका. शिवाय या कायद्यात ‘प्रकल्पग्रस्त कुटुंब’ म्हणजे फक्त सातबाऱ्यावर नाव असलेलं घर नाही. संपादनाच्या आधी तीन वर्षं ज्यांचं पोट मुख्यतः त्या जमिनीवर चालत होतं, असे शेतमजूर आणि कूळही त्यात येतात.

हा विषय आत्ताच का? नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाला राज्य मंत्रिमंडळानं जून २०२५ मध्ये मंजुरी दिली, आणि त्याच्या बारा जिल्ह्यांच्या यादीत आपला हिंगोलीही आहे. महामार्ग हवा की नको यावर गावोगावी वाद चालू आहे, तो आजचा विषय नाही. पण रस्ता असो, कालवा असो की उद्योग, घरात नोटीस आली की ‘एकरकमी की हप्ते’ हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या रूपात समोर येतो. आणि त्या वेळी घरात टक्केवारीचं गणित जमणारा माणूस बहुतेक वेळा तुमच्या वयाचा असतो.

शंभरची नोट आणि पुढच्या वर्षीची शंभरची नोट

आपलं पुसेगाव घेऊ. साताऱ्याचं नाही, सेनगाव तालुक्यातलं. समजा, तिथल्या एका कुटुंबासमोर हे दोन पर्याय आहेत. कुटुंब काल्पनिक आहे, आकडे कायद्यातले आहेत. घरात आजोबा, काका, वडील आणि बारावी झालेला एक पोरगा. सोयाबीन-तुरीची थोडी शेती आणि थोडी हळद.

महिन्याला दोन हजार म्हणजे वर्षाला चोवीस हजार. सोपं जावं म्हणून आपण धरू की वर्षाचे चोवीस हजार वर्षाच्या सुरुवातीलाच एकदम मिळतात आणि पहिला हप्ता आजच मिळतो. खरं तर दर महिन्याला थोडे थोडे मिळणार, म्हणजे आपण हप्त्यांच्या बाजूनं थोडी सूटच देतोय.

आता काका म्हणतात, ‘चोवीस हजार गुणिले वीस, चार लाख ऐंशी हजार. पाच लाखांपेक्षा कमीच. विषय संपला.’ काकांचं उत्तर कदाचित बरोबर असेल, पण रीत चुकीची आहे. कारण आजचे चोवीस हजार आणि एकोणीस वर्षांनी मिळणारे चोवीस हजार त्यांनी एकाच रांगेत उभे केले.

कुठलीही पुढची रक्कम आज किती मोलाची, हे काढायचा एकच प्रश्न आहे: ‘ती रक्कम त्या दिवशी हातात यावी म्हणून मला आज बँकेत किती ठेवावे लागतील?’ धरा की मुदत ठेवीवर सात टक्के व्याज मिळतं. मग वर्षानं चोवीस हजार हवे असतील तर आज साधारण २२,४३० रुपये ठेवले की झालं. दहा वर्षांनी हवे असतील तर आज १२,२०० पुरतात. आणि शेवटचा, म्हणजे आजपासून एकोणीस वर्षांनी येणारा हप्ता? त्यासाठी आज फक्त ६,६३६ रुपये लागतात. कागदावर ‘२४,०००’ असं लिहिलेल्या शेवटच्या हप्त्याची आजची किंमत साडेसहा हजारांच्या आसपास आहे.

याला अर्थशास्त्रात वर्तमान मूल्य म्हणतात. आपण आपलं ‘आजची किंमत’ म्हणू. वीसही हप्त्यांच्या आजच्या किमती काढून बेरीज केली की दोन लाख बहात्तर हजार येते. म्हणजे महागाईनुसार वाढ नसती, तर पाच लाखांसमोर हा पर्याय जवळपास निम्म्या किमतीचा ठरला असता.

पण रक्कम तर वाढत जाणार आहे ना?

हो, आणि खरी गंमत तिथेच आहे. कायद्यानं हप्ता महागाईला बांधलाय. शेतमजुरांचा किंमत निर्देशांक केंद्र सरकारचा श्रम ब्युरो काढतो. त्यात ज्वारी, तांदूळ, डाळ, तेल, कपडे, जळण अशा मजुराच्या घरातल्या खर्चाचे भाव धरले जातात. निर्देशांक जितका चढेल तितका हप्ता चढायला हवा.

धरा की ही महागाई वर्षाला सहा टक्के राहिली. मग पहिल्या वर्षी २४,०००, दुसऱ्या वर्षी २५,४४०, तिसऱ्या वर्षी २६,९६६ असं करत वीस वर्षांची बेरीज होते आठ लाख त्र्याऐंशी हजार. आता कट्ट्यावरच्या दुसऱ्या गटाला जोर येतो. ‘बघ, पाच लाख विरुद्ध पावणेनऊ लाख!’

थांबा. या पावणेनऊ लाखांतले बरेच रुपये दहा, पंधरा, एकोणीस वर्षांनी येणार आहेत. प्रत्येक हप्ता आजच्या किमतीत आणला पाहिजे. दर वर्षी हप्ता सहा टक्क्यांनी फुगतो आणि आजच्या किमतीत आणताना सात टक्क्यांनी आकसतो. म्हणजे दर पुढचा हप्ता आधीच्यापेक्षा आजच्या किमतीत जवळपास एक टक्का लहान होत जातो. सगळ्यांची बेरीज: चार लाख चाळीस हजार.

कागदावर पावणेनऊ लाख, आणि आजची किंमत चार लाख चाळीस हजार. तिकडे पाच लाख म्हणजे आजचे पाच लाखच. फरक साठ हजारांचा, आणि तो एकरकमीच्या बाजूनं.

विश्वास बसत नसेल तर उलटं करून बघा, ही पडताळणी जास्त पटते. आजोबांनी पाच लाख घेतले आणि सात टक्क्यांच्या ठेवीत टाकले. मग स्वतःच स्वतःला तोच हप्ता द्यायचा. आज २४,००० काढले, उरले ४,७६,०००. वर्षानं त्यावर ३३,३२० व्याज आलं, झाले ५,०९,३२०. त्यातून वाढलेला हप्ता २५,४४० काढला, उरले ४,८३,८८०. पुन्हा व्याज, पुन्हा हप्ता २६,९६६, उरले साधारण ४,९०,७८५. लक्षात आलं? पैसे काढतोय तरी शिल्लक अजून वाढतेच आहे. पुढे हप्ते मोठे होत जातात तशी शिल्लक उतरते. पण विसावा हप्ता काढून, वीस वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी खात्यावर साधारण दोन लाख तेहतीस हजार उरलेले असतात. वार्षिकीच्या पॉलिसीनं दिलं असतं ते सगळं मिळालंच, वर हे सव्वादोन लाखांहून जास्त. आजचा साठ हजारांचा फरक वीस वर्षांत वाढून एवढा होतो.

या सगळ्यातून एक साधा नियम निघतो: हप्ता ज्या वेगानं वाढतो तो वेग, आणि तुमच्या पैशावर तुम्हाला मिळणारं व्याज, या दोघांची शर्यत असते. दोन्ही वेग सारखे असतील तर वाढ आणि घट एकमेकांना खाऊन टाकतात आणि आजची किंमत होते सरळ वीस गुणिले चोवीस हजार, म्हणजे चार लाख ऐंशी हजार. काकांची बेरीज फक्त याच एका परिस्थितीत खरी ठरते. हप्त्यांची किंमत पाच लाखांच्या वर जायला महागाई व्याजदरापेक्षा साधारण अर्धा टक्का जास्त हवी, आणि तीही एक-दोन वर्षं नाही, सरासरीनं वीस वर्षं.

असं होऊच शकत नाही असं नाही. २००९ ते २०१४ हा काळ आठवा, म्हणजे घरातल्या मोठ्यांना विचारा. शेतमजुरांच्या निर्देशांकातली वाढ त्या काळात बहुतेक वर्षी दहा टक्क्यांच्या आसपास किंवा वर होती, आणि ठेवीवर मात्र आठ-नऊ टक्केच मिळत होते. तसं वीस वर्षं चाललं तर हप्तेवाला जिंकेल. उदाहरणार्थ ठेव साडेपाच टक्के आणि महागाई साडेसहा टक्के धरली, तर हप्त्यांची आजची किंमत पाच लाख सव्वीस हजारांच्या घरात जाते. म्हणून हप्त्याला सरळ तोट्याचा सौदा म्हणणंही चुकीचं. तो महागाईविरुद्धचा विमा आहे, आणि आपल्या उदाहरणात त्या विम्याचा हप्ता आहे साठ हजार रुपये.

आणखी एक गोष्ट. कायद्यात शब्द आहे ‘किमान’ दोन हजार. म्हणजे दोन हजार हा तळ आहे, छत नाही. आपल्याच आकड्यांनुसार पाच लाखांच्या बरोबरीला यायला पहिला हप्ता महिन्याला साधारण २,२७५ रुपये हवा. वाटाघाटीत ‘थोडं वाढवून द्या साहेब’ म्हणण्यापेक्षा हा आकडा घेऊन बोलणं कधीही बरं.

समृद्धीवाल्यांचं गणित वेगळं का होतं

हाच नियम दुसऱ्या प्रस्तावाला लावून बघू, म्हणजे तो पाठ न होता समजेल. समृद्धी महामार्ग हिंगोलीतून गेला नाही, शेजारच्या वाशीममधून गेला. त्याच्यासाठी सरकारनं सुरुवातीला जमीन एकत्रीकरणाची योजना मांडली होती: जमीन द्या, बदल्यात विकसित भूखंड घ्या, आणि सोबत दहा वर्षं वार्षिक रक्कम. जिरायतीला हेक्टरी पन्नास हजार, बागायतीला एक लाख, आणि त्यात दर वर्षी दहा टक्के वाढ.

फरक कुठे आहे बघा. इथे वाढ महागाईवर सोडलेली नाही, ती दहा टक्के अशी पक्की ठरवलेली आहे. बँकेचं व्याज सात टक्के आणि हप्त्याची वाढ दहा टक्के. शर्यतीत हप्ता पुढे. जिरायतीचे पन्नास हजार धरले तर दहा हप्त्यांची कागदावरची बेरीज साधारण सात लाख सत्त्याण्णव हजार, आणि सात टक्क्यांनी आजची किंमत पाच लाख अडुसष्ट हजार. म्हणजे ‘दहा गुणिले पन्नास हजार, पाच लाख’ यापेक्षाही जास्त. पुसेगावच्या उदाहरणात पुढचा प्रत्येक हप्ता आजच्या किमतीत लहान होत होता, इथे तो मोठा होतो.

तरीही बहुतेक शेतकऱ्यांनी तो रस्ता धरला नाही. सरकारला थेट खरेदीचा पर्याय आणावा लागला आणि लोकांनी एकरकमी पैसे घेऊन खरेदीखत करून दिलं. मग शेतकऱ्यांना गणित कळलं नाही का? मला तसं वाटत नाही. एक तर वार्षिक रक्कम हा पूर्ण मोबदला नव्हता. मोठा भाग होता तो भूखंड, आणि तो ज्या नव्या नगरात मिळणार ते नगर अजून नकाशावरच होतं. त्याची आजची किंमत कुठल्या व्याजानं काढणार? आणि दुसरं म्हणजे, दहा वर्षं हप्ता देणारा दहा वर्षं देईलच, याची खात्री किती?

या दुसऱ्या शंकेचं उत्तर आंध्र प्रदेशात मिळतं. अमरावती राजधानीसाठी २०१५ मध्ये शेतकऱ्यांनी अशाच योजनेत जमिनी दिल्या. जिरायतीला एकरी तीस हजार, सुपीक बागायतीला पन्नास हजार, दहा वर्षं. २०१९ मध्ये सरकार बदललं, नव्या सरकारनं तीन राजधान्यांचा विचार मांडला, अमरावतीचं काम थंडावलं आणि वार्षिक रकमेला उशीर होऊ लागला. शेतकऱ्यांना त्यासाठी आंदोलन करावं लागलं, कोर्टाची पायरी चढावी लागली. उशिरा आलेला हप्ता ही नुसती गैरसोय नसते. एक वर्ष उशीर म्हणजे त्या हप्त्याची किंमत आणखी सात टक्क्यांनी कमी.

अमरावतीच्या योजनेत अजून एक बारीक गोष्ट आहे. तिथे वाढ ठरलेल्या रुपयांत होती: तीस हजारांवर दर वर्षी तीन हजार. ऐकायला ‘दहा टक्के वाढ’ सारखंच वाटतं ना? पहिल्या वर्षी सारखंच असतं. पण दर वर्षी तीनच हजार वाढले तर दहा वर्षांची बेरीज चार लाख पस्तीस हजार होते, आणि दर वर्षी आधीच्या रकमेवर दहा टक्के वाढले तर चार लाख अठ्ठ्याहत्तर हजार. एकाच एकरात त्रेचाळीस हजारांचा फरक, आणि तो फक्त ‘कशावर दहा टक्के?’ या प्रश्नाचा. कागद हातात आला की हा प्रश्न आधी विचारा.

सात टक्के कुणाचे?

आतापर्यंत आपण सगळीकडे सात टक्के धरले. पण सात टक्के हा बँकेत पैसे ठेवणाऱ्याचा दर आहे. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याचा दर वेगळा असतो, आणि आपल्याकडे हाच मुद्दा सगळ्यात जास्त निसटतो.

पुसेगावच्या त्याच गल्लीत दुसरं घर धरा. त्यांनी मुलीच्या लग्नासाठी सावकाराकडून एक लाख उचललेत, शेकडा तीन रुपये महिना. म्हणजे महिन्याला तीन हजार, वर्षाला छत्तीस हजार नुसतं व्याज. या घरानं महिन्याला दोन हजारांचा हप्ता निवडला तर काय होईल? हप्ता चोवीस हजार, व्याज छत्तीस हजार. सगळा हप्ता सावकाराच्या दारात जाईल, वर बारा हजार घरातून घालावे लागतील, आणि मुद्दल तसंच राहील. महागाईनं हप्ता वाढत वाढत छत्तीस हजारांना पोचायला सहा टक्क्यांच्या वेगानं सात वर्षं लागतात. या घरासाठी एकरकमी रकमेतून एक लाख फेडणं म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के ‘व्याज’ मिळवण्यासारखं आहे. इतकं व्याज कुठलीच बँक देत नाही. इथे प्रश्नच उरत नाही: आधी कर्ज मिटवायचं, मग उरलेल्या चार लाखांचा विचार.

आता तिसरं घर. एकटी राहणारी आजी. कर्ज नाही, पण एकरकमी पैसे आले की चार दिशांनी चार नातेवाईक येणार. एकाला बोअर घ्यायचा आहे, एकाला गाडी, एकाला दुकान टाकायचं आहे, आणि आजीला नाही म्हणता येत नाही. वर आपण पडताळणी केली त्यात एक अट लपलेली होती: पैसे ठेवीतच राहिले पाहिजेत आणि दर वर्षी ठरल्याइतकेच काढले पाहिजेत. आजीच्या बाबतीत ती अट टिकणार नसेल, तर चार लाख चाळीस हजारांची वार्षिकी कागदावर साठ हजारांनी कमी असूनही तिच्या ताटात जास्त देईल. कारण ती कुणाला उसनी देता येत नाही.

ही भीती कोर्टांनाही ठाऊक आहे. केरळ राज्य परिवहन महामंडळाच्या अपघात भरपाईच्या एका खटल्यात १९९३ मध्ये सुप्रीम कोर्टानं न्यायाधिकरणांना सांगितलं की, अज्ञान मुलं, निरक्षर माणसं यांची भरपाई सरसकट हातात न देता बँकेत दीर्घ मुदतीनं ठेवा, आणि व्याज त्यांना मिळू द्या. म्हणजे एकरकमी आणि हप्ते यांच्या मधलाही एक रस्ता असतो. रक्कम एकरकमी घ्यायची, पण ती मुदत ठेवीत, मासिक व्याज खात्यावर येईल अशा बेतानं, आणि मुद्दल सहज मोडता येणार नाही अशी. आजीसाठी हा रस्ता दोन्हींपेक्षा चांगला असू शकतो, फक्त ठेव दोन नावांवर करताना दुसरं नाव कुणाचं, हे आजीनं ठरवायचं.

मोबाइलवर दोन मिनिटांत

हे गणित वहीवर करायची गरज नाही. मोबाइलवर कुठलीही स्प्रेडशीट उघडा. पहिली ओळ हप्ता न वाढल्यास, दुसरी सहा टक्क्यांनी वाढल्यास, तिसरी समृद्धीच्या पन्नास हजारांसाठी:

```
=PV(7%,20,-24000,0,1)
=PV(1.07/1.06-1,20,-24000,0,1)
=PV(1.07/1.1-1,10,-50000,0,1)
```

उत्तरं अनुक्रमे साधारण २.७२ लाख, ४.४० लाख आणि ५.६८ लाख अशी येतील. सूत्रात 1.07 च्या जागी तुमचा स्वतःचा दर टाका आणि 1.06 च्या जागी हप्त्याची वाढ. शेवटचा 1 म्हणजे ‘पहिला हप्ता आजच’. हप्ता वर्षाच्या शेवटी मिळणार असेल तर आलेल्या उत्तराला 1.07 नं भागा, उत्तर थोडं खाली येईल. एकाच दरावर थांबू नका. पाच, सात, नऊ असे तीन दर टाकून बघा. तिन्ही वेळा एकच पर्याय पुढे असेल तर निर्णय सोपा. दर बदलला की निकाल फिरत असेल, तर दोन्ही पर्याय जवळजवळ सारख्या किमतीचे आहेत असं समजा आणि मग कर्ज, घरातली माणसं आणि देणाऱ्याची खात्री यावर ठरवा.

आकड्यांत न मावणारं जे आहे ते भूसंपादन अधिकाऱ्यांना विचारून, लेखी घ्या. हप्ता कोण देणार, विमा कंपनीची पॉलिसी निघणार की खात्यातून दर वर्षी मंजुरी लागणार? पॉलिसी असेल तर सरकार बदललं तरी ती चालू राहते, मंजुरी असेल तर अमरावतीची आठवण ठेवा. वाढ कुठल्या वर्षाच्या निर्देशांकापासून मोजणार, आणि दर वर्षी आपोआप होणार की अर्ज करावा लागणार? वाढ झालीच नाही तर हा पर्याय चार लाख चाळीस हजारांवरून थेट दोन लाख बहात्तर हजारांवर येतो, म्हणून हा प्रश्न सर्वात महाग आहे. हप्ते घेणारा माणूस मधेच वारला तर उरलेले हप्ते कुणाच्या नावावर जाणार? कायदा रक्कम ‘कुटुंबाला’ म्हणतो, पण पॉलिसीवर नाव एका माणसाचं असतं, तेव्हा वारसाचं नाव पहिल्याच दिवशी लावून घ्या.

आणि संमतीपत्रावर सही करण्याआधी ते पत्र घरी आणायला मागा. एक रात्र मिळाली तरी पुरते. वरच्या तीन ओळींत तुमच्या घराचे आकडे टाका आणि उत्तर आजोबांना, काकांना, आजीला मोठ्यानं वाचून दाखवा. सही त्यांची असेल, पण त्या आकड्यांचा अर्थ त्यांना सांगायचं काम तुमचं.